नवऱ्याची किडनी चालत नाही, मूल कसं चालतं?

चाळिशीची एक बाई. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू. नवरा किडनी द्यायला तयार आहे. रक्तगट जुळतो, त्याच्या बाकीच्या तपासण्याही ठीक आल्या आहेत. आता उरली क्रॉसमॅच. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, बायकोच्या रक्तातल्या द्रवात त्या सोडायच्या, त्यात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घालायची आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेशी जिवंत दिसल्या तर पुढचं पाऊल टाकायचं. इथं त्या मेलेल्या दिसतात. म्हणजे बाईच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन बसली आहेत. ही किडनी बसवली तर टेबलावरच काळी पडू शकते.

डॉक्टर विचारतात, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? नाही. मुलं किती? दोन. उलगडा तिथंच होतो.

प्रत्यारोपण करणाऱ्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाला असं जोडपं नवीन नाही. त्या बाईच्या पोटात नवऱ्याचा अर्धा वाटा घेऊन दोन मुलं प्रत्येकी नऊ महिने वाढली. तिच्या शरीरानं तो वाटा परका म्हणून ओळखला आणि त्याविरुद्ध शस्त्रंही घडवली. तरीही दोन्ही मुलं धडधाकट जन्मली. दुसरं मूल तर बहुधा ती शस्त्रं रक्तात फिरत असतानाच वाढलं. त्याच नवऱ्याची किडनी मात्र ते रक्त एक दिवसही टिकू देणार नाही.

हे कोडं पहिल्यांदा नीट मांडलं ते पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर दुसऱ्याची कातडी लावली तर ती का टिकत नाही, याचा शोध घेण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. ग्लासगोत थॉमस गिब्सन या सर्जनबरोबर काम करताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली की ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडते. म्हणजे शरीर परकं ओळखतं आणि ते लक्षातही ठेवतं. याच मार्गानं पुढं जात १९६० साली त्याला नोबेल मिळालं. पण त्याआधी, १९५३ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यानं विचारलं होतं, परकी कातडी दोन आठवडेही न ठेवणारं शरीर बापाकडून अर्धा आलेला गर्भ नऊ महिने कसा ठेवतं?

त्यानं तीन शक्यता सुचवल्या. आई आणि मूल यांच्यामध्ये पक्की भिंत असेल. गर्भ इतका कोवळा असेल की त्याच्या अंगावर ओळखीच्या खुणाच उमटल्या नसतील. किंवा गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती झोपी जात असेल. पुढची अनेक दशकं संशोधकांनी या तीन शक्यता तपासण्यात घालवली. पहिलीत थोडं तथ्य निघालं. उरलेल्या दोन टिकल्या नाहीत.

त्या कोसळायला सुरुवात झाली ती पाचच वर्षांत, आणि तीही बाळंतिणींच्याच रक्तातून. १९५८ साली हॉलंडमधल्या लायडनला यॉन व्हान रूड आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला रोझ पेन यांना वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट सापडली. ज्या बायकांना मुलं झाली आहेत, त्यांच्या रक्तात दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं असतात. आयुष्यात कधी रक्त चढवलं नसलं तरी असतात. ती गर्भाकडूनच, म्हणजे पर्यायानं बापाकडून आलेल्या खुणांविरुद्ध तयार झालेली होती. पुढं या बायकांचंच रक्त वापरून त्या खुणांची यादी तयार करण्यात आली. तिलाच आज एचएलए म्हणतात. प्रत्यारोपणाआधी जुळवून पाहतात ते हेच. एकाहून जास्त बाळंतपणं झालेल्या बायकांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडतात. आईची प्रतिकार यंत्रणा झोपलेली नव्हती, आणि गर्भाच्या अंगावर खुणाही होत्या.

एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका गटानं बसलेली असतात. त्यातला एक संच आईकडून येतो, एक बापाकडून. माणसागणिक ही प्रथिनं इतकी निराळी असतात की सख्खी भावंडं सोडली तर दोन माणसांचा पूर्ण मेळ क्वचितच बसतो. प्रतिकार करणाऱ्या टी पेशी परकेपणा ओळखतात तो मुख्यतः यावरून.

मग ही प्रथिनं आईच्या समोर येतात कुठं? गर्भ स्वतः आईच्या रक्ताला कधीच टेकत नाही. टेकते ती वार. बाळंतपणानंतर पडणारी वार आपल्याकडे आईचीच समजली जाते, पण ती जवळजवळ सगळी गर्भाच्या पेशींची असते, म्हणजे निम्मी बापाची. सरहद्दीवर उभी असते ती हीच, आणि तिच्या दोन आघाड्या आहेत. दोन्हींवरचे डावपेच वेगळे आहेत.

पहिली आघाडी वारेच्या झालरींवर. वारेतून झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक झालरी फुटतात आणि आईच्या रक्तात बुडून राहतात. पूर्ण दिवसांच्या वारेत या झालरींचा पृष्ठभाग पसरून मांडला तर साधारण १२ चौरस मीटर होईल, एका लहानशा खोलीइतका. त्यावर जे आवरण असतं ते मोठं विलक्षण आहे. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून त्याचा एकसंध थर झालेला असतो. दोन पेशींमध्ये फटच नसल्यामुळं आईच्या पेशींना घुसायला जागा नाही. पेशी अशा जोडायला जे प्रथिन लागतं, त्याचं नाव सिन्सिटिन. २००० साली लक्षात आलं की त्याचं जनुक मुळात एका विषाणूचं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आपल्या पूर्वजांच्या गुणसूत्रांत शिरला आणि तिथंच राहिला. पेशीला चिकटून आत शिरण्याचं विषाणूचं कसब वारेनं स्वतःच्या पेशी सांधायला वापरलं.

या थरावर एचएलए अजिबात नसतात. आईच्या टी पेशी त्याच्यावरून दिवसरात्र वाहत जातात, पण वाचायला पाटीच नाही. मेडावरच्या भिंतीत तथ्य होतं ते एवढंच.

मग क्रॉसमॅचमध्ये सापडलेल्या त्या प्रतिपिंडांचं काय? आईची आयजीजी जातीची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातातच, आणि ती जायलाच हवीत. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ त्यांच्यावरच निभावून नेतं. गरोदर बाईला धनुर्वाताची लस देतात ती त्यासाठीच. त्या वाटेनं बापाविरुद्धची प्रतिपिंडंही निघतात. पण आवरणाच्या आत, झालरींच्या गाभ्यात ज्या पेशी असतात त्यांच्यावर एचएलए भरपूर असतात. प्रतिपिंडं तिथंच चिकटून बसतात, बाळाच्या रक्तापर्यंत पोचत नाहीत. वार गाळणीचं काम करते.

ही गाळणी किती महत्त्वाची आहे, हे ती जिथं उपयोगी पडत नाही तिथं कळतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर वादाचं कारण असतं तांबड्या पेशीवरचं डी नावाचं प्रथिन. हे प्रथिन वारेच्या पेशींवर नसतं, फक्त बाळाच्या रक्तात असतं. पहिल्या बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर डी विरुद्ध प्रतिपिंडं करायला शिकतं, पण तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं. दुसऱ्या खेपेला ती प्रतिपिंडं वारेतून सरळ आत जातात. वाटेत अडवायला काहीच नसतं. बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, बाळाला रक्तक्षय होतो, अंगावर पाणी चढतं आणि उपचार झाले नाहीत तर ते पोटातच दगावू शकतं.

भारतात सुमारे ५ टक्के लोक आरएच निगेटिव्ह आहेत, युरोपात साधारण १५. यावरचा उपाय १९६८ पासून वापरात आहे. अँटी-डीचं इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. आईच्या यंत्रणेनं दखल घेण्याआधीच आत आलेल्या बाळाच्या पेशी त्यानं साफ होतात. ३०० मायक्रोग्रॅमचा एक डोस बाळाचं ३० मिलीलिटरपर्यंतचं रक्त निपटतो. गर्भपात झाला किंवा पोटाला मार लागला तरी ते घ्यावं लागतं, आणि नेमकं तिथंच अनेकदा राहून जातं. हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवातून ते काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यात १,१७३ वेळा दान केलं. २०२५ साली ते वारले.

आरएचच्या आजारात आई बाळाला खरोखर नाकारते. गर्भ नाकारला जाणं म्हणजे काय, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं नाही. त्यात कारवाई होते ती प्रतिपिंडांकडून, तीही बाळाच्या रक्तात. गर्भाशयात टी पेशींनी वार कुरतडून टाकली असं सहसा घडत नाही. का घडत नाही, ते दुसऱ्या आघाडीवर कळतं.

ही आघाडी गर्भाशयाच्या अस्तरात आहे. गरोदरपणात हे अस्तर जाड, मऊ आणि पेशींनी गच्च होतं. वारेच्या कडेच्या काही पेशी झालरी सोडून थेट या अस्तरात शिरतात. त्या आईच्या शरीरात पायी चालत निघालेल्या असतात, म्हणून इथं आई आणि बापाच्या पेशींची खरी गाठ पडते. त्यांना काम आहे ते आईच्या रक्तवाहिन्यांवर. गर्भाशयाच्या भिंतीतल्या धमन्या स्प्रिंगसारख्या पीळदार आणि अरुंद असतात, त्यांच्याभोवती स्नायूंचं वेष्टण असतं. वारेच्या पेशी ते वेष्टण काढून टाकतात आणि धमनीचं तोंड कर्ण्यासारखं पाच ते दहा पट रुंद करतात. मग त्या धमनीला आकसता येत नाही, आणि रक्त जोरात उसळण्याऐवजी सावकाश, भरपूर येतं. दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं.

या आत शिरणाऱ्या पेशींवर एचएलए असतात, पण निवडक. टी पेशी ज्यांच्यावरून सर्वात जास्त चिडतात ते ए आणि बी त्यांनी खाली उतरवून ठेवलेले असतात. अंगावर असतात सी, ई आणि जी. यातला जी तर जवळजवळ फक्त वारेतच दिसतो आणि सगळ्या माणसांत बहुतेक सारखाच असतो. ई सुद्धा फारसा बदलत नाही. माणसागणिक बदलणारा उरतो तो एकटा सी. बापाची पाटी आईसमोर येते ती त्याच्याच रूपात.

आणि ती वाचायला अस्तरात कोण बसलेलं असतं? पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास पेशी एकाच जातीच्या असतात. नाव, नैसर्गिक मारक पेशी. विषाणू शिरलेल्या आणि कर्करोगाच्या पेशी मारणं हे त्यांचं रक्तातलं काम. हे नाव ऐकून कुणालाही वाटेल की गर्भाच्या दारात मारेकऱ्यांचा पहारा बसला आहे. बरीच वर्षं संशोधकांनाही तसंच वाटत होतं. पण गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या निघाल्या. त्या क्वचितच मारतात. त्या रसायनं सोडतात, वारेच्या पेशींना वाट दाखवतात आणि धमन्या रुंद करायला हात लावतात.

केंब्रिजच्या अॅश्ली मॉफेट यांनी या पेशींवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या गटानं २००४ साली जे दाखवलं त्यानं जुनी समजूत उलटीच केली. ते एका उदाहरणानं पाहू.

मारक पेशीवर एचएलए-सी वाचणारे हात असतात. त्यांना कीर म्हणतात. काही हात ब्रेकसारखे असतात, काही अॅक्सिलरेटरसारखे. कोणत्या बाईत कोणते हात असतील हे तिच्या जनुकांवर ठरतं. काही बायकांच्या दोन्ही संचांत जवळजवळ सगळे ब्रेकच असतात. एचएलए-सीच्याही दोन जाती आहेत, सी-१ आणि सी-२. ब्रेक सर्वात घट्ट पकडतात ते सी-२ ला.

आता समजा बाईकडे फक्त ब्रेकवाले संच आहेत आणि तिचे स्वतःचे दोन्ही एचएलए-सी पहिल्या जातीचे आहेत. नवऱ्याचे दोन्ही सी-२. त्यांच्या प्रत्येक मुलाला बापाकडून सी-२ मिळणारच. वारेच्या पेशी तो सी-२ घेऊन अस्तरात शिरतात, मारक पेशी त्याला धरतात आणि ब्रेक करकचून लागतो. मारक पेशी शांत बसतात. झालं की चांगलं, असं वाटेल. पण शांत बसलेली पेशी काहीच सोडत नाही, धमन्यांचं काम अर्धवट राहतं आणि त्या अरुंदच राहतात. अशा जोड्यांत पुढं प्री-एक्लॅम्पसियाची जोखीम वाढलेली दिसते. दुसऱ्या बाईकडे सी-२ ओळखणारा अॅक्सिलरेटर असेल तर तोच नवरा, तोच सी-२, पण मारक पेशी कामाला लागतात आणि बाळं उलट वजनानं थोडी जास्त भरतात. बिघाड होतो तो आईचा प्रतिकार वाढल्यानं नाही, तिच्या पेशी गरजेपेक्षा गप्प झाल्यानं. गर्भ टिकण्यासाठी आईच्या यंत्रणेनं जागं राहून कामाला लागावं लागतं.

युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या अॅनेट नाकिमुली यांनी मॉफेट यांच्याबरोबर आफ्रिकी बायकांत हेच तपासलं. तिथंही ब्रेकवाल्या संचांशी जोखीम जोडलेली निघाली, पण संरक्षण देणारं जनुक युरोपातल्यापेक्षा वेगळं होतं. ही सगळी शक्यतांची भाषा आहे, हे इथं लक्षात घ्यायला हवं. अशी जोडी असूनही बहुतेक बायकांना काही होत नाही. लग्नाआधी किंवा नंतर हे जुळवून पाहण्यात काही अर्थ नाही.

प्री-एक्लॅम्पसिया आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, फक्त नाव वेगळं. ‘गरोदरपणात बीपी वाढलं’ एवढंच आपण म्हणतो. अरुंद राहिलेल्या धमन्यांतून वारेला रक्त कमी आणि जोरात मिळतं. उपाशी वार आईच्या रक्तात असं एक प्रथिन सोडते की त्यानं आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बॉस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटानं २००३ साली ते प्रथिन ओळखलं. मूळ दुखणं वारेचं आहे, बाळाचं नाही, याचा एक जुना पुरावाही आहे. काही गरोदरपणांत बाळ तयारच होत नाही, नुसती वार द्राक्षांच्या घोसासारखी वाढत जाते. त्या बायकांनाही प्री-एक्लॅम्पसिया होतो.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, निदान चार तासांच्या अंतरानं दोनदा मोजलेला, आणि सोबत लघवीत प्रथिनं किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त यांपैकी कशावर तरी परिणाम, ही त्याची ओळख. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज ही धोक्याची लक्षणं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. दुखणं मुळातून जातं ते वार बाहेर पडल्यावरच. जोखीम जास्त असलेल्या बायकांना बाराव्या आठवड्यानंतर लवकरच कमी मात्रेचं अॅस्पिरिन सुरू करतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

अस्तर वारेला वाट दाखवतं, तसं तिला आवरतंही. ते जिथं नसतं तिथं काय होतं, हे प्रसूतितज्ज्ञ रोज पाहतात. गर्भ नळीत रुजला तर तिथं असं अस्तर नाही. वारेच्या पेशी नळीची भिंत पोखरत जातात आणि नळी फुटते. सिझेरियनच्या जुन्या व्रणावर वार बसली तर तिथंही अस्तर विरळ असतं. वार स्नायूत रुतते, बाळंतपणात सुटत नाही आणि रक्तस्राव आवरेना झाला की गर्भाशय काढायची वेळ येते. सिझेरियन वाढली तशी ही गुंतागुंतही वाढली आहे.

उरल्या टी पेशी. कलम नाकारणाऱ्या मुख्य शिपाई त्याच. त्या अस्तरात कमी असतात, कारण त्यांना बोलावणारी रसायनांची हाक तिथल्या पेशींत जनुकांच्या पातळीवरच बंद केलेली असते. उंदरांत हे २०१२ साली दाखवलं गेलं. आणि ज्या पोचतात त्यांच्यात नियंत्रक टी पेशींचं प्रमाण मोठं असतं. त्यांचं काम बाकीच्यांना आवरण्याचं. त्यांचा शोध लावणाऱ्या जपानच्या शिमोन साकागुची यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, २०२५ चं नोबेल मिळालं. गरोदरपणात त्यांची गरज किती, हे केंब्रिजमध्ये २००४ साली उंदरांवर तपासलं गेलं. नियंत्रक पेशी नसलेल्या माद्यांची पिल्लं, बाप त्याच वाणाचा असेल तर जगली. बाप परक्या वाणाचा असेल तर पोटातच गेली.

पुढं २०१२ साली अमेरिकेत सिंगसिंग वे यांच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. बापाच्या खुणा ओळखणाऱ्या नियंत्रक पेशी बाळंतपणानंतरही मादीच्या शरीरात टिकतात आणि दुसऱ्या खेपेला लगेच वाढतात. प्री-एक्लॅम्पसिया पहिलटकरणींत जास्त आणि दुसऱ्या वेळी कमी का, याचं एक उत्तर इथं असू शकतं. मेडावरला कातडीच्या कलमात दिसलेली स्मरणशक्ती इथंही आहे, फक्त ती उलट्या बाजूनं काम करते. त्या चाळिशीच्या बाईच्या शरीरात या दोन्ही आठवणी एकाच वेळी नांदत असणार. प्रतिपिंडं नवऱ्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात, गर्भाशयातल्या पेशी त्याला सांभाळायचं लक्षात ठेवतात. किडनीच्या वाट्याला फक्त पहिली आठवण येते, कारण तिच्याभोवती ना वारेचं आवरण, ना ते अस्तर.

या व्यवस्थेची सर्वात कडक परीक्षा परक्या बीजांडापासूनच्या गरोदरपणात होते. तिथं गर्भात बाईचा स्वतःचा जनुकांचा वाटा शून्य असतो. तो अर्धा नाही, पूर्ण परका. तरीही अशी मुलं सुखरूप जन्मतात. प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण मात्र स्वतःच्या बीजांडापेक्षा या गरोदरपणांत जास्त आढळतं. व्यवस्था पेलते, पण ताण दिसतो.

‘गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य त्यामुळं जरा जपूनच वापरावं. ती कमी होत नाही, वेगळी लागते. फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरनं १९३८ साली नोंदवलं होतं की संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, बऱ्याच बायकांचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा धरतात. आई आणि गर्भ यांचे काही एचएलए जितके वेगळे, तितका हा आराम जास्त, असं १९९३ च्या एका अभ्यासात दिसलं. ल्युपसचं मात्र उलट होऊ शकतं, तो चिघळतो. इन्फ्लुएन्झा गरोदर बाईला जास्त जड जातो. आणि दूषित पाण्यातून पसरणारी ई जातीची कावीळ इतरांना सहसा आपोआप सोडते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईचं यकृत निकामी करू शकते. काही साथींत अशा पाच रुग्णांमागे एक दगावली. हा आजार ओळखण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा आहे. दिल्लीतल्या १९५५-५६ च्या मोठ्या साथीतले जपून ठेवलेले नमुने तपासून, ही कावीळ ए जातीची नव्हती, असं १९८० साली दाखवणाऱ्यांत तिथले शास्त्रज्ञ होते.

विज्ञान इतकं पुढं गेलं, तरी बाजारात जुनी कल्पना अजून विकली जाते. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला ‘तुमचं शरीर बाळाला नाकारतंय’ असं सांगून नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार अनेक ठिकाणी चालला. १९९९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या, नियंत्रित चाचणीत तो तपासला. उपचार घेतलेल्या बायकांत मूल जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट थोडं कमीच निघालं. २००२ साली तिथल्या औषध नियामकानं तो संशोधनाबाहेर वापरायला मनाई केली. हाताच्या शिरेतून रक्त काढून त्यातल्या मारक पेशी मोजण्याची तपासणीही अशीच. रक्तातल्या मारक पेशी आणि अस्तरातल्या मारक पेशी यांचं नाव एक, स्वभाव निराळा. एकीची संख्या पाहून दुसरीबद्दल काही सांगता येत नाही. वारंवार गर्भपातात ज्या प्रतिपिंडांची तपासणी खरोखर उपयोगी आहे ती अँटिफॉस्फोलिपिडची. पण ती बाईच्या स्वतःच्याच घटकांविरुद्ध असतात. नवऱ्याशी त्यांचा संबंध नाही.

आणि ते जोडपं? त्यांच्यापुढं दोन वाटा उरतात. रक्तातून प्रतिपिंडं गाळून काढणं आणि ती पुन्हा तयार होऊ नयेत म्हणून जोरदार औषधं देणं, ही एक. ती महाग आहे आणि त्यात संसर्गाचा धोका आहे. दुसरी, अदलाबदल. अशाच अडचणीतलं दुसरं जोडपं शोधायचं, याच्या नवऱ्याची किडनी तिकडं, तिकडची इकडं. अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाल्यापासून भारतात त्याला परवानगी आहे. दोन्ही बाजूंची ऑपरेशनं सहसा एकाच दिवशी करतात, म्हणजे कुणाला मध्येच मागं फिरता येत नाही. नोंदणीच्या वेळी बाईला विचारतात की आजवर किती वेळा दिवस गेले, गर्भपात धरून. बापाची ओळख तिच्या रक्तात उतरायला मूल जन्मावंच लागतं असं नाही, अर्धवट राहिलेलं गरोदरपणही त्याला पुरतं.